पूजेतून उचललेले पुस्तक

प्रिय कुमुद,

सप्रेम स्मरण.

तुझ्या जाण्यानंतर मी तुझ्याशी रोज बोलतो. लिहिले मात्र एकदाही नाही. जे बोलून भागते ते कशाला लिहा, असे वाटे. आज दसरा. देवापुढे दिवा लावून बसलो आहे आणि जे घडले ते इतके तुझे आहे, की ते नीट ओळीने मांडल्यावाचून चैन पडणार नाही.

आपल्या इमारतीत वाचनालय झाले, कुमुद! चाळ पाडून हा मनोरा उभा राहिला तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘लिफ्ट दोन दिल्या, बसून वाचायला कोपरा एक नाही.’ तो कोपरा मिळाला. तळमजल्यावर, लिफ्टच्या शेजारची खोली. उजेड बरा आहे. खिडकी उघडली की लालबागच्या मसाला कुटायच्या डंकांवरून मिरचीचा खाट येतो आणि वाचणाऱ्याला ठसका लागतो, पण त्याला इलाज नाही.

तुझी सगळी पुस्तके मी तिथे दिली. रागावलीस? एक सोडून सगळी. त्या एकाचे पुढे सांगतो.

खोली मिळाली ती मात्र अटीवर. आपले सेक्रेटरी तावडे स्वभावाने सज्जन, पण व्यवहारी. मला म्हणाले, “सर, तुमच्या शब्दाखातर देतोय. पण पोरं जिम मागतायत. दिवाळीपर्यंत बघू. माणसं आली तर वाचनालय, नाही आली तर ट्रेडमिल. मग मला बोलायचं नाही.” म्हणजे तुझ्या पुस्तकांना दिवाळीपर्यंतचा अवधी. उद्घाटनाचे भाषण मी करायचे ठरले, आणि त्या भाषणाने लोकांना आत आणायचे होते.

तुला आता हसू येत असेल. ‘अहो, तुमचं भाषण ऐकून लोक पुस्तकांना घाबरतात’ हे तू मला किती वेळा ऐकवले आहेस! निवृत्तीच्या समारंभातसुद्धा पहिल्या रांगेत बसून तू घड्याळाकडे बोट केले होतेस. तरीही मी आठवडाभर भाषण बांधत होतो. श्रवण, मनन, निदिध्यासन अशा तीन पायऱ्या केल्या होत्या. मध्ये चार सुभाषिते पेरली होती. तू असतीस तर त्यातली तीन उपटली असतीस.

वाचनालय कसे चालते हे शाळेतले ग्रंथालय सांभाळून मला थोडे ठाऊक होते. म्हणून मी आग्रह धरला, की कपाटे उघडी हवीत. काचेमागचे कुलूपबंद पुस्तक वाचकाला दुरूनच नमस्कार करायला लावते. त्याला हातात घेता आले पाहिजे, मधले पान उघडून पाहता आले पाहिजे, आवडले नाही तर परत ठेवता आले पाहिजे. पुस्तकांच्या पाठींवर मी विषयवार क्रमांक चिकटवले. वृत्तपत्रे लाकडी दांडीत अडकवली, म्हणजे पाने विस्कटत नाहीत आणि कोणी आतली पुरवणी घरी नेत नाही. मुलांची पुस्तके सर्वांत खालच्या फळीवर, मुलांच्या हाताला येतील अशी. देवघेवीच्या टेबलाशी एक खुर्ची जास्तीची ठेवली. नुसते बसायला येणाराही उद्याचा वाचक असतो, हे तुझेच मत.

आणि आज सकाळी तिथे गेलो, तो काय पाहतो!

चौरंगावर पुस्तकांची रास. वर पाटी, पाटीवर काढलेली सरस्वती. हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पाने. कमिटीने अष्टमीच्या संध्याकाळीच पुस्तके पूजेला बसवली होती. आणि उरलेल्या पुस्तकांच्या कपाटांना दादरच्या बाजारातून आणलेल्या झेंडूचे तोरण या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधले होते. फार सुंदर दिसत होते, यात शंका नाही. पण एकाही पुस्तकाला हात लावण्याची सोय नव्हती.

तुझ्या ध्यानात आले ना? वाचनालयाचे उद्घाटन करण्यासाठी आम्ही नेमका तो दिवस निवडला होता, ज्या दिवशी पूजेतले पुस्तक कोणी उघडत नाही! शुभ दिवस पाहण्याच्या नादात एवढे कोणाच्या मनात आले नाही. मीही पंचांग पाहून मान डोलावली होती.

मी भाषणाला उभा राहिलो. दोन वाक्ये झाली असतील, तेवढ्यात मागून सुजाता पुढे आली. आठव्या मजल्यावरची, बँकेत नोकरी करणारी. तुझ्याकडून दर रविवारी पुस्तक नेणारी. ती चौरंगाजवळ वाकली आणि राशीतल्या एका पुस्तकाकडे पाहून म्हणाली, “सर, हे काकूंचंच ना? अर्धं वाचलं होतं मी. नेऊ?”

“गो बाय, हात लावू नको!” तावड्यांच्या मातोश्री खुर्चीतूनच ओरडल्या. “पूजेत आसा ता. उद्या ने.”

“उद्या मला ऑफिस आहे, आजी. मी घरी येते तेव्हा इथे कुलूप. सुट्टी आजच.”

“मग पुढच्या रविवारी ने. पळून जाता काय पुस्तक?”

तावडे हसून म्हणाले, “सुजाताताई, आज फक्त दर्शन घ्या. सर, तुम्ही चालू द्या. वाचनाचं महत्त्व.”

सगळे हसले. सुजाताही हसली, पण तिने हात मागे घेतला. आणि कुमुद, तो मागे गेलेला हात मी पाहिला. हे वाचनालय पहिल्या दिवशीच देवघर झाले, असे मला स्वच्छ दिसले. दिवाळीपर्यंत लोक येतील, हात जोडतील, तोरण पाहतील आणि निघून जातील. मग ट्रेडमिल येईल. त्यात दोष तरी कोणाला द्यायचा? आम्ही सगळे श्रद्धेनेच वागत होतो.

त्या क्षणी मला तुझा तांदळाचा डबा आठवला.

दरवर्षी घरातली सगळी पुस्तके मी पूजेला मांडायचो आणि दरवर्षी त्यातले एक कमी भरायचे. ते डब्यामागे असायचे. दुपारी मी डोळे मिटले, की तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचायचीस. एकदा मी रागावलो. “अगं, शास्त्र आहे. विसर्जनापर्यंत अध्ययन वर्ज्य.” त्यावर तू मान वर न करता म्हणालीस, “हे अध्ययन नाही हो, ही रहस्यकथा आहे. आणि मी पूजेतलं कुठं उचललं? मी पूजेत ठेवलंच नाही.” मी पुन्हा डोळे मिटून आडवा झालो. पण माझेही एक गाऱ्हाणे आहे. एवढी वर्षे तू एकटीच वाचलेस. एकदा तरी मला हाक मारून जवळ बसवले असतेस, तर मी सोवळे थोडे सैल केले नसते का?

मी भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

म्हणालो, “आजी, तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पूजेतलं पुस्तक वाचू नये. पण ज्या शास्त्राने हे सांगितलं, त्यानेच विसर्जनही सांगितलं आहे, आणि त्याचा दिवस आजचाच आहे. आपण आळसाने ते उद्यावर टाकतो. देवीला बोलावून बसवायचं आणि कामाला जाऊ द्यायचं नाही, हा कोणता पाहुणचार?”

मातोश्रींनी काठी जवळ ओढली. म्हणाल्या, “आणि इमारतीक काय झाला, तर?”

“ते माझ्या माथी.”

“तुमच्या माथी कशाक? तुम्ही मास्तर.” त्या काठी टेकत उठल्या. “गणपतीचो पाट हलवतंव तसाच ना? मग माका अक्षता देवा.”

आम्ही दोघांनी मिळून उत्तरपूजा केली. गंध, फूल, अक्षता वाहिल्या. पुन्हा ये म्हणून देवीला विनवले. लालबागच्या माणसांना निरोप देणे शिकवावे लागत नाही. सगळे आपोआप उभे राहिले होते. चौरंग मी थोडासा सरकवला. तोरण तावड्यांनी स्वतः सोडले. मग ते पुस्तक उचलून, त्यावरचा झेंडू बाजूला ठेवून, मी सुजाताच्या हातात दिले. पहिली देवघेव! कुंकू लागलेले बोट तिने साडीला पुसले आणि उभ्याउभ्याच आपले पान शोधू लागली.

त्यानंतर मी जे बोललो त्याला भाषण म्हणणार नाहीस, म्हणून सांगतो. मी म्हणालो, की गुरूच्या घरून निघालेल्या शिष्याला शेवटी स्वाध्याय सोडू नकोस असे सांगत. म्हणजे अवघड ग्रंथच वाचा असे नव्हे. संध्याकाळच्या चहाबरोबर दोन पाने वाचा, पण रोज त्याच वेळी वाचा. सवय वेळेला लागते, मग ती पुस्तकाला लागते. नाही आवडले तर अर्धे टाका. पुस्तक रागावत नाही. मुलाने गोष्ट वाचली तर तात्पर्य विचारू नका, पुढे काय झाले ते विचारा. आणि मुलांना ‘वाच’ म्हणण्यापेक्षा त्यांच्यासमोर आपण वाचत बसा. वाचता येत नसेल, डोळे साथ देत नसतील, त्यांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणे हेही वाचणेच आहे.

“माका कोण वाचून दाखवतलो?” मातोश्रींनी विचारले.

“मी,” सुजाता पुस्तकातून मान न काढता म्हणाली. “रविवारी. पण मध्ये बोलायचं नाही, आजी.”

“बघ गो! आता ही माका गप बसवतली!”

तावड्यांनी तिथल्या तिथे ठरवले, की नोकरदारांसाठी वाचनालय रात्री जेवणवेळेपर्यंत उघडे ठेवायचे. किल्ली आळीपाळीने सांभाळायची. मग लोक कपाटांशी गेले आणि एकेक पुस्तक नोंदवून घरी घेऊन गेले. ट्रेडमिलचे नाव कोणी काढले नाही. उद्या काढतील. दिवाळी अजून दूर आहे, आणि मी भाबडा नाही. पण आज कपाटांत फटी पडल्या, कुमुद. पुस्तके गेल्याच्या फटी! शाळेत इतकी वर्षे काढून मला त्याहून शुभ काही दिसलेले नाही.

घरी आलो आणि देवापुढे बसलो. आता त्या एका पुस्तकाविषयी.

तुझ्या उशाशी होती ती रहस्यकथा. मध्ये तू खूण म्हणून आपट्याचे वाळके पान घातले होतेस. ती अपुरी राहिली. मी ती बाळकृष्णाशेजारी ठेवली आणि रोज तिला फूल वाहत आलो. उघडली कधीच नाही. ती उघडली तर तुझे पान हलेल, अशी भीती वाटे. मला वाटे, ही माझी भक्ती. आज चौरंग हलवताना कळले, की मी तुलाही उत्तरपूजेवाचून बसवून ठेवले आहे. एवढ्या दिवसांत तुला साधे विचारलेही नाही, की बाई गं, तुला खुनी कोण ते कळायला हवे आहे का?

अक्षता वाहिल्या. तुझे पुस्तक देवातून उचलले. ते आता माझ्या मांडीवर आहे, आणि त्याला उदबत्तीचा इतका वास आहे, की आतल्या पोलीस इन्स्पेक्टरलाही ठसका लागावा.

वचन देतो. उद्यापासून रोज चार वाजता खालच्या त्या जास्तीच्या खुर्चीवर बसून तू थांबलीस तिथून पुढे वाचीन. हळू आवाजात, तुला ऐकू जाईल असे. पुढच्या दसऱ्याला पूजा मांडताना एक पुस्तक मी स्वतः डब्यामागे ठेवीन. आणि कितीही मोह झाला, तरी शेवटचे पान आधी वाचणार नाही.

चुकलो तर नेहमीसारखे घड्याळाकडे बोट कर.

तुझा वाचक,
दिनकर