उतरल्यावर फोन कर

९ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७
आज आमच्या घड्याळ-चष्म्यांच्या दुकानाला पंचवीस वर्षं झाली. दुपारी दुकान बंद ठेवून मागच्या खोलीत पार्टी. घड्याळ-दुरुस्ती विभागातर्फे मी हजर (विभागात मी एकटाच). तीन बिअर घेतल्या. चांगलीच चढली. गाणं म्हटलं, दोन कडवी. टाळ्या पडल्या. चष्मे बसवणारे काका टेबलावर चढून नाचले. त्यांना झेपत नाही.

माझी मात्र कॅपॅसिटी! मॅनेजरबाईंचं घड्याळ बंद पडलं होतं, ते तशाच अवस्थेत उघडलं. मोहरीहून बारीक स्क्रू, पहिल्या झटक्यात बसवला. हात जराही हलला नाही.

मग ताईला फोन केला. तीन वर्षांनी. भाचीच्या लग्नात पिऊन भाऊजींना नको ते बोललो, तेव्हापासून अबोला. (दारू बोलली, मी नव्हे. तसं मी पत्रानेही कळवलं होतं.) आज म्हणालो, चुकलो गं, तुझी फार आठवण येते. रडलोही. ती म्हणाली, प्यायलायस ना? उतरल्यावर फोन कर. शुद्धीत असताना हेच बोल, मग घरी ये.

१० मार्च, रविवार
डोकं जड. कालची बिअर. गोळी घेतली. ताईचा नंबर काढून बसलो. शुद्धीत ते शब्द तोंडातून बाहेर पडत नाहीत. आजचा दिवस तसाही विश्रांतीचा.

१२ मार्च, मंगळवार
संकल्प: तीन बिअर घ्यायच्या, फोन करायचा, आवाज शुद्धीतला काढायचा. सोपं आहे.

संध्याकाळी ८. घरी मी एकटा. तीन झाल्या. गाणं सुचलं नाही, म्हणायचं कुणापुढे? फोनही झाला नाही. हात साफ राहावा म्हणून गिऱ्हाइकाचं एक घड्याळ उघडलं. स्क्रू तीनदा चिमट्यातून निसटला, चौथ्यांदा कपाटाखाली गेला. झोप येतेय. निष्कर्ष: ब्रँड भिकार. शनिवारचाच हवा.

१४ मार्च, गुरुवार
मॅनेजरबाईंना ब्रँड विचारला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नका हं, ती बिनदारूची होती. चारला दुकान उघडायचं होतं ना? लेबलं मीच ओल्या फडक्याने काढली. मी म्हणालो, मग काका टेबलावर कसे चढले? त्या म्हणाल्या, आणि तुमचं ते गाणं?

म्हटलं, एखादी खरी आली असेल चुकून. नेमकी माझ्या वाट्याला. त्या म्हणाल्या, चोवीसच्या चोवीस बघून घेतल्यात मी.

काकांचं समजू शकतो. कमकुवत मन.

आणि रविवारचं ते डोकं? हवेत बदल झाला होता.

१५ मार्च, शुक्रवार
दिवसभर डोक्यात तेच. शनिवारी दारू नव्हती, पण माणसं होती, टाळ्या होत्या, आणि आपण प्यायलोय अशी खात्री होती. जीभ सुटली. हात मात्र पक्का राहिला. हात बिघडायला खरीच लागते, नुसत्या खात्रीवर भागत नाही. मंगळवारी दारू होती, माणूस नव्हतं. हात गेला, जीभ जागची हलली नाही.

आणि मग लक्षात आलं. म्हणजे ताईशी मी शुद्धीतच बोललो! तिची अट आधीच पुरी झालेली! उद्या सकाळी फोन. रविवारी जेवायला तिच्याकडे. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला.

१६ मार्च, शनिवार. सकाळी ९
फोन केला. कोरडा, फक्त चहावर. सगळं सांगितलं. ताई हसली. खरंच हसली, लहानपणी तोंडावर उशी धरून हसायची तशी. म्हणाली, म्हणजे मनातलंच होतं होय रे, वेड्या? म्हटलं, अर्थात!

मग म्हणाली, आणि लग्नातलं?

म्हटलं, ती खरी होती. व्हिस्की.

म्हणाली, खरीच होती. त्याच बाटलीतली माझ्या दिरांनी घेतली, ते कोपऱ्यात झोपले. मामांनी घेतली, ते रडले. तू ह्यांना फुकटखाऊ म्हणत होतास. मधेच व्याही आले, तर तू शर्ट खोचलास, वाकून नमस्कार केलास, प्रवास कसा झाला विचारलंस. ते पाठमोरे झाले, पुन्हा सुरू. कुणासमोर चालेल आणि कुणासमोर नाही, एवढं भान होतं तुला. दारूचं मला नको सांगूस. ह्यांच्याबद्दल तुला तसंच वाटतं का, एवढं सांग. आणि उद्या ये.

नाही म्हणायचं होतं. एक शब्द. बरं, तो खोटा असता तरी चाललं असतं. पण तिला कळलं असतं.

म्हणालो, गिऱ्हाईक आलंय, मग करतो. ती म्हणाली, बरं.

दुकान दहाला उघडतं, हे तिला माहीत आहे.

तिने फोन लगेच ठेवला नाही. मागून भाऊजींचा आवाज आला, काय म्हणतोय, येतोय ना तो?