झेरॉक्सचं कारण

सोमवार, संध्याकाळ

दोन दिवस लिहायचं टाळलं, कारण चूक माझीच. मीनाच्या होस्टेलचं गेट साडेसहाले बंद होते. रजिस्टरात ‘झेरॉक्स’ लिहून ती पाचले निघते, म्हणून आमची भेट झेरॉक्सच्या दुकानामागच्या रसवंतीवरच. शनिवारी मी रस्त्यात डोंबाऱ्याचा खेळ पाहत रमलो, सहाले पोचलो.

“काऊन उशीर केला रे? घरचे शिक्षण बंद करतीन!”

तरी थांबली. गेटवर दहा मिनिटं उशीर झाला. वॉर्डनबाईनं झेरॉक्स मागितली, हात रिकामे. लगेच तिच्या गावी, दुसरबीडले, बापाले फोन.

एक तरी कागद काढून द्यायचा ना मी? एकच!

आजही पाचपासून रसवंतीवर बसून राह्यलो. आत्ताच एक माणूस आला, हातात मीनाचं नाव लिहिलेली होस्टेलची पेटी.

“झेरॉक्सवाला तूच काय?”