कुंदा नाव ठेवायचं की नाही

११ जाने., धुळे
जळगावच्या प्रकाशकांचा फोन. कादंबरी पसंत, नावं नापसंत. "मॅडम, कर्णाला करण म्हटलंत की वाचक पहिल्याच पानावर पुढचं सगळं ओळखतो. पन्नासाव्या पानावर कळू द्या." महिनाअखेर नवी नावं हवीत. कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं, आठवत नाही.

१३ जाने.
करण खोडलं. सूर्याचा मुलगा म्हणून भास्कर, रवी. अर्थ येतो, आवाज येत नाही. देवपूरहून येताना पांझरेच्या पुलावर सुचलं: किरण. तीच तीन व्यंजनं, त्याच क्रमाने, आणि ऊनही आलं.
त्याला वाढवणारा सारथी अधिरथ. माझ्याकडे एसटी ड्रायव्हर, आधारभाऊ. आपल्याकडे आधार नावाचे इतके, कुणाला शंका यायची नाही.

१६ जाने.
गांधारीचं नाव अडलं होतं. मग लक्षात आलं, ते तिच्या माहेरच्या देशावरून पडलेलं नाव. म्हणून 'जामनेरवाली'. सासरी तेवढंच. खरं नाव शेवटपर्यंत कळणार नाही.
कुंतीचंही तसंच. जन्माची पृथा, कुंतिभोजाकडे दत्तक गेली आणि कुंती झाली. माझी कुंदा. लग्नात नाव बदलून सुमन. सोडून दिलेलं पोर कुंदाचं, नंतरचे तिघे सुमनचे. खूश आहे. पण बसवत नाही एका जागी.

१९ जाने.
बाड अक्काला पाठवलं. वडिलांची चुलत बहीण, जळगावला एकटीच असते. माझं लिखाण पहिल्यांदा तिच्याकडेच जातं.

२५ जाने.
सहा दिवस झाले, अक्काचा फोन नाही. एरवी दोन दिवसांत चुका सांगते. मी केला, तर "वाची ऱ्हायनू" म्हणाली आणि ठेवला.

२६ जाने., जळगाव
सकाळच्या गाडीने गेले. अक्काने चहा दिला, बाड पुढे सरकवलं.
"बठ्ठं चांगलं शे. कुंदा नाव बदली टाक."
का, विचारलं.
"तुले कोनी सांगं?"
काय सांगितलं? मला कळेना.
मग हळू म्हणाली, "कुंदा मीच शे. लगीनना आधी."
आम्हाला ती मालतीच माहीत. हसून म्हणणार होते, योगायोग गं. तिचा चेहरा बघितला आणि...
तिने पदर सारखा केला. "तो पोऱ्या जगस का शेवट?"
शेवटचं प्रकरण अजून लिहिलेलं नाही. मूळ कथेत तो मरतो. हे तिलाही माहीत आहे.
"अजून ठरलं नाही," म्हणाले.

२९ जाने.
कुंदाचं नलिनी केलं. वाचून पाहिलं, मेलेलं वाटतं. परत कुंदा.

३१ जाने.
प्रकाशकांनी यादी मागितली. किरण, आधार, जामनेरवाली कळवली. एक जागा रिकामी ठेवली.
दुपारी अक्काचा फोन.
"ऱ्हाऊ दे कुंदा," म्हणाली. "कोनी तरी ते नाव वाचू दे."
मग, "पोऱ्यानं ठरनं का?"
नाही, म्हटलं. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही.