अम्मा तापातून उठली तर

कल्याण, १६ मे १९५५

ती. हलीमाआपास,
यासीनचा सलाम वि. वि.

पत्र लिहायचं लिहायचं म्हणून चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा दुसरीकडेच लक्ष गेलं. एकदा तर खिडकीखालून आंब्यांची गाडी चाललेली, तिचं मागचं चाक इतकं डुगडुगत होतं की ते आता निखळेल म्हणून मी बघतच बसलो. निखळलं नाही. तोवर अजान झाली. तू रागावशील हे ठाऊक होतं, त्यामुळेही हात मागे राहिला. उर्दूत लिहिलं असतं तर जास्त अदब दिसली असती, पण माझी उर्दू तुला माहीत आहे. शाळेने मला चौथीत सोडलं की मी शाळेला, हे अजून ठरलेलं नाही.

तर आता सांगतो. अम्मा तुझ्या घरी तापाने पडल्याचं तुझं कार्ड मला आंबिवलीला विटांच्या भट्टीवर मिळालं. मी तिथे महिनाभर काम करतोय. कार्ड वाचून मी तिथेच भट्टीसमोर मन्नत मागितली आणि ठाण्याला यायचं सोडून कल्याणला या खाडीकाठच्या मशिदीत येऊन एतिकाफला बसलो. विसाव्या रोज्याचा सूर्य बुडायच्या आधी आत शिरलो. ईदचा चांद दिसेपर्यंत बाहेर पडायचं नाही. अम्मासाठी याहून मोठं काही मला सुचलं नाही.

इथले इमाम खतीबसाहेब फार शिस्तीचे. आल्याबरोबर त्यांनी मला भिंतीभिंतीने फिरवून मशीद कुठे संपते ते दाखवलं. नमाजाची जागा आणि मधला चौक ही मशीद. पण हातपाय धुवायचा हौद आणि पलीकडची मोरी नवीन बांधलेली, ती मशिदीत धरत नाहीत. वजू करायला किंवा शौचाला तिकडे जावं, काम झालं की सरळ परत यावं, गप्पा मारत उभं राहू नये. आंघोळ करणं भाग पडलं तरी जाता येतं. पण गरज नसताना पाय बाहेर पडला की एतिकाफ गेला. नवरा-बायकोचं तसलं काही झालं तरी जातो. माझ्या बाबतीत ती भीती नाही, तू अजून मुलगीच बघितली नाहीस. बोलायला, झोपायला, खायला आतच मुभा आहे. नीयत मात्र मनापासून हवी, नाहीतर तो नुसता मुक्काम झाला असं ते म्हणाले. मुक्काम या विषयात माझ्याइतका जाणकार त्यांना मिळायचा नाही.

हे पत्र धाकूबरोबर पाठवतोय. तो आमच्या भट्टीच्या ट्रकवर क्लीनर आहे, विटा घेऊन रोज तुझ्या जवळच माजिवड्याला जातो. माझी इफ्तारीही तोच आणून देतो. आगरी आहे, पण खजूर निवडण्यात आपल्या मामूपेक्षा हुशार.

अम्मा कशी आहे ते लिही. लोभ उरला असेल तर थोडा इकडेही पाठव.
तुझा भाऊ,
यासीन


राबोडी, ठाणे, १७ मे

चि. यासीनला हलीमाआपाची दुआ.

तुझा धाकू ओट्यावर उभा आहे. अंगाला विटांची धूळ आहे म्हणून बसत नाही, पाणी तेवढं प्यायला. त्याला जायची घाई आहे, म्हणून पटपट लिहिते.

अम्माला टायफॉईड आहे. डॉक्टर रोज येतात आणि रोज तेच सांगतात की ताप उतरेल तेव्हा उतरेल. रात्रंदिवस अंग फणफणतं आणि ती तुझं नाव घेते. भानावर असते तेव्हा विचारते की यासीन निघाला का. काल तुझ्या भावोजींनाच तू समजून त्यांचा हात धरला. ते बिचारे तू होऊन तासभर बसले.

तू आयुष्यात एका जागी राहिला नाहीस. मुंब्र्याला सुताराकडे ठेवला तर तिथून पळालास. शीळफाट्याच्या चहावाल्याने तुला आठवड्यात हाकललं. भावोजींनी मिलमध्ये चिकटवलं तर जेवणाच्या सुट्टीत गेलेला तू ईदला उगवलास. आणि आता तुला बोलावतो आहोत, तर तू जागेवरून हलणार नाहीस. याला इबादत म्हणायचं की काय म्हणायचं ते खतीबसाहेबांना विचार. मला तर ती पळून जायचीच नवी रीत वाटते.

हे वाचशील तसा उठ आणि ये.
हलीमा


कल्याण, १८ मे

ती. आपास सलाम वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, एक सोडून. मी पळालेलो नाही.

तुझं पत्र वाचून मी उठलो, चपला हातात घेतल्या आणि उंबऱ्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो. माझ्या डोक्यात एकच आलं, की अम्मासाठी मागितलेली मन्नत मी मोडली आणि तिला काही झालं, तर तिला मीच मारलं. आजवर मी सगळं अर्धवट सोडलं, पण त्याने कुणी मेलं नाही. चपला परत ठेवल्या. मग पुन्हा उचलल्या. एक वडीलधारे नमाजी शेवटी वैतागून म्हणाले की बाबा, चपला आत तरी ठेव नाहीतर बाहेर तरी.

खतीबसाहेबांना मी रडत विचारलं की आईला बघायला जाता येईल का. ते म्हणाले, सलग बसायची मन्नत मागून बसलेला माणूस आजाऱ्याला भेटायला बाहेर पडला तर त्याचा सलगपणा तुटतो. हौदाकडे जाताना वाटेत कुणी आजारी असेल तर न थांबता त्याची विचारपूस करावी, तेवढं चालतं. ठाणे काही हौदाच्या वाटेवर नाही. मग त्यांनी विचारलं की मन्नत मागताना अडचण आली तर बाहेर पडेन अशी अट घातली होती का. ती घातली असती तर जाता आलं असतं. मला असली अट असते हेच माहीत नव्हतं, आपा. मी तर एकही वाट मागे ठेवायची नाही असंच ठरवलेलं. जन्मात पहिल्यांदा मी परतीची वाट ठेवली नाही, आणि आता तीच हवी आहे.

धाकूशी मी खिडकीतून बोलतो. डोकं बाहेर गेलं तरी हरकत नाही, पाय आत हवेत. आज संध्याकाळी मी खिडकीतून इतका वाकलो की धाकूने घाबरून माझे खांदे धरले. त्याला वाटलं मी उडी टाकतो. खाडीपलीकडे ठाण्याची दिशा कुठली ते बघत होतो. काही दिसत नाही. एक होडी चिखलात रुतलेली आहे, तेवढीच.

अम्माच्या कानात सांग की मी निघालोय. खोटं असलं तरी सांग.
यासीन


राबोडी, १९ मे

चि. यासीनला दुआ.

परवाचं पत्र फाडून टाक. मी थकलेली होते.

तुझा निरोप अम्माच्या कानात सांगितला. तिने ऐकला की नाही कळलं नाही. आज ती कुणालाच ओळखत नाही, मलाही नाही. सकाळपासून बोटांनी चादरीवरचं काहीतरी वेचते आहे. डॉक्टर बाहेर जाऊन भावोजींशी हळू बोलले. भावोजी आत आले आणि माझ्याकडे न बघता पाणी तापवायला गेले. शेजारच्या रंगूबाई बर्फ घेऊन आल्यात, त्या अम्माच्या कपाळावर घड्या ठेवतात.

आता तू ये असं मी म्हणत नाही आणि येऊ नकोस असंही म्हणत नाही. बसला आहेस तर बस. निदान कुणीतरी तिच्यासाठी मागतंय असं मला वाटेल. मला आता नमाजात उभं राहिलं की शब्दच आठवत नाहीत.
तुझी आपा


कल्याण, २० मे, जुम्मा

आपा,

आज सलामाचंही नीट सुचत नाही.

नमाज झाल्यावर खतीबसाहेब माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, मन्नत मागताना तोंडातून काय शब्द निघाले ते जसेच्या तसे सांग. मी सांगितले. भट्टीसमोर उभा राहून मी म्हटलं होतं, या अल्ला, अम्मा तापातून उठली तर मी रमजानचे शेवटचे दहा दिवस सलग मशिदीत बसेन.

त्यांनी तेच शब्द मला पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाले, अरे वेड्या, उठली तर. ती उठली का. मी म्हटलं, नाही. मग तुझी मन्नत अजून लागूच झालेली नाही. ती उठेल तेव्हा तुझ्यावर दहा दिवस फर्ज होतील, आणि आधी बसलेले हे दिवस त्यात धरायचे नाहीत. तू आज बसला आहेस तो खुशीचा एतिकाफ. आपण शाफई पंथाचे, आपल्यात खुशीने बसलेला माणूस केव्हाही उठू शकतो. बाहेर पडला की तो तिथे संपतो, परत आलास तर नवी नीयत कर. त्यात गुन्हा नाही, भरपाई नाही. आईकडे जाणं यापेक्षा मोठं आहे. पहिल्याच दिवशी शब्द विचारायला हवे होते, ही चूक माझी, असंही म्हणाले. मला काही त्यांचा राग आला नाही. घाईने आगाऊ नवस फेडणारा माणूस त्यांनी तरी पूर्वी कुठे बघितला असणार.

म्हणजे दार पहिल्यापासून उघडं होतं. आणि आता ऐक, तुला किळस येईल. दार उघडं आहे हे कळूनही मी आत बसलोय. काल तू लिहिलंस ते अम्माच्या बोटांचं, ते डोळ्यांसमोरून हटत नाही. बांधलेलो होतो तेव्हा बाहेर जायला तडफडत होतो. आता मोकळा आहे आणि वाटतं, मी इथून हललो नाही तोवर तिकडेही काही हलणार नाही. मी आलो आणि ओट्यावर लोक बसलेले दिसले तर मी काय करू. इथे निदान मला ते दिसत नाही.

धाकू हॉर्न मारतोय. पत्र त्याच्याकडे देतो. मी येईन असं समजू नको.
यासीन


राबोडी, २१ मे

चि. यासीनला दुआ.

तुझं पत्र वाचून मला किळस आली नाही. ओट्यावरचे लोक बघायची भीती मलाही होती, मी फक्त घरात होते म्हणून मला पळता आलं नाही.

आता बसून वाच. पहाटे अम्माला दरदरून घाम आला. तीन चादरी बदलल्या. मला वाटलं संपलं, रंगूबाईंनी माझा हात धरला. पण अंग गार लागलं ते ताप गेल्यामुळे. सकाळी डॉक्टर आले, त्यांनी दोनदा तापाची काच लावून बघितली आणि ताप उतरला म्हणाले. अजून फार जपायला सांगितलंय, पोटाला जड काही द्यायचं नाही. दुपारी तिने डोळे उघडले, मला नावाने हाक मारली आणि विचारलं की माझे केस कुणी विंचरले, भांग वाकडा आहे. मी मोरीत जाऊन रडले.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं नाही, मन्नतीच्या शब्दांचं तेवढं. तिने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, म्हणजे मी उठले की तो अडकला. पुढच्या रमजानपर्यंत मला मरता येत नाही आणि त्याला पळता येत नाही. त्याला सांग, दहा दिवसांची इफ्तारी मी करून पाठवेन, त्या क्लीनरच्या खजुरांवर राहायचं नाही. एवढं बोलून दमली. भाताची पेज चार चमचे घेतली.

तेव्हा आता आहेस तिथेच खुशीने बस, चांद दिसेपर्यंत. तिला झोपेची गरज आहे, तू आलास तर ती बोलत राहील. ईद करून ये, आणि पुढच्या वर्षीच्या मन्नतीला बाहेर पडायची अट घालता येते का ते आत्ताच खतीबसाहेबांना

ट्रक थांबला. धाकू पत्र न्यायला आला असं समजून मी दार उघडलं. धाकू गाडीतच बसला आहे. ओट्याखाली तू उभा आहेस. केसांत विटांची धूळ, चपला पायात नाहीत, हातात आहेत. मी पुढे ये म्हणून खूण केली तरी हलत नाहीस. रंगूबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या आहेत, तू नुसता त्यांच्याकडे बघतो आहेस. मी हे अर्धवट पत्रच तुझ्या हातात देते. उभ्या उभ्या वाच आणि आत ये.