दोन फुटांवरच्या खिडक्या

१२ फेब्रुवारी १९९६
झालं! भटनागर साहेबांनी आज शाळेच्या नकाशाच्या प्रिंटवर लाल पेन्सिल फिरवली. ‘ओके’, खाली सही, खाली तारीख. वर तोंडाने – "बस राजारामजी, फाइनल. अब इसमें हाथ नहीं लगाना."
सरकारी खात्यातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. हजरतगंजच्या या खाजगी ऑफिसात अजून रेघा ओढतो आहे. पण आजच्यासारखा आनंद फार दिवसांनी. खिडक्या पास झाल्या ना! सहाही वर्गांच्या खिडक्यांचा उंबरा जमिनीपासून दोन फुटांवर. बाकावर बसलेल्या पोराला बाहेरचं आंब्याचं झाड दिसेल. साहेब म्हणाले, "अच्छा आइडिया है."
आयडिया कसली! अचलपूरच्या आमच्या चौथीच्या वर्गाची खिडकी ती. गुरुजी कविता म्हणायला उभं करत. तिसऱ्या कडव्याला मी हमखास अडायचो. मग बाहेर चिंचेकडे बघायचं – की ओळ आपोआप जिभेवर. उंच खिडकीतून नुसतं आभाळ दिसतं. आभाळ काही सांगत नाही.

१३ फेब्रुवारी
साहेब फोनवरून नयनाला म्हणाले, "मिश्राजी को दो कॉपी दे दो, नींव शुरू करें." मिश्रा म्हणजे ठेकेदार, पाया तोच भरणार. नयनाने अमोनियाच्या यंत्रावर दोन प्रती काढल्या, रजिस्टरात लिहिल्या, पाठवल्या. डोळे चुरचुरत होते आम्हा दोघांचे.
नयना वासनिक मूळची नागपूरची, वडील इथे रेल्वेत. ऑक्टोबरअखेर लागली. सहा महिने कच्ची, एप्रिलअखेर पक्की व्हायची. वडील मे महिन्यात निवृत्त होऊन नागपूरला परतणार. "बाबा म्हणतात, नोकरी पक्की असेल तर रहा हॉस्टेलात. नाहीतर चल आमच्याबरोबर. आणि तिकडे गेले की काका, दोन महिन्यांत पोहे घेऊन उभी करतील मला पाहुण्यांपुढे!" हसत सांगते. हसण्यासारखं काही नाही.

१४ फेब्रुवारी
सहीचा तो प्रिंट घरी आणला. नयना म्हणाली, "काका, फाइलला लागेल तो." मी म्हटलं, उद्या आणतो. पलंगासमोरच्या भिंतीवर लावला. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर येतं. खिडक्यांतून ऊन आत आल्यासारखं वाटतं!

२६ फेब्रुवारी
उद्या शाळेच्या कमिटीपुढे सगळा सेट ठेवायचा. अकरा शीट. सगळ्या शाईत पक्क्या झालेल्या.
संध्याकाळी पाचला साहेब आले. कोट काढला नाही. टेबलाभोवती दोन फेऱ्या. आम्हाला त्या फेऱ्या माहीत आहेत. नयनाने माझ्याकडे बघितलं.
"एक छोटा-सा चेंज है."
जिना पूर्वेकडून पश्चिमेला. आणि खिडक्या चार फुटांवर, वर एकच लांब पट्टी. "एलिवेशन मॉडर्न लगेगा."
मी म्हटलं, साहेब, तुम्हीच पास केलंत.
"तब किया था. अब सोच रहा हूँ."

२७ फेब्रुवारी
छोटा चेंज! जिना हलला की त्याच्याखालचे नळ हलले, संडास हलले. दोन खांब हलले म्हणून इंजिनिअरकडे पुन्हा जाणं. सेक्शनची, म्हणजे उभ्या छेदाची, रेघ जिन्यातून जात होती, ती आता भिंतीतून जाते – सेक्शन नवा. दर्शनी बाजू नवी. दारं-खिडक्यांचा तक्ता नवा. विटा, सिमेंट, सळया, सगळी मोजणी पहिल्यापासून. अकरातल्या नऊ शीट गेल्या.
कमिटीकडून आठवडा मागून घेतला. कारण काय सांगितलं? "स्टाफ थोड़ा स्लो है." माझ्यासमोर, फोनवर.

१ मार्च
नवा ट्रेसिंग पेपर द्यायला साहेब तयार नाहीत. "टाइम कहाँ है? उसी पे कर लीजिए." उसी पे – म्हणजे अर्धं ब्लेड घ्यायचं, शाई खरवडायची, रबर फिरवायचं आणि नखाने घासून कागद गुळगुळीत करायचा, नाहीतर नवी शाई फुटते. एकेक खिडकी मीच खरवडली. बारा खिडक्या. माझ्याच हाताने. खाली काळा भुगा पडला, तो फुंकून टाकला.
त्या कागदावर आता जुन्या नकाशाची खूणही नाही. काम चांगलं केलं म्हणायचं!

४ मार्च
नयनाने विचारलं, "सर, नंबरपुढे आर-वन लिहू?" बरोबरच विचारलं पोरीने. आमच्या खात्यात प्रत्येक बदलाला नवं अक्षर, नवी तारीख आणि काय बदललं त्याची एक ओळ. त्याशिवाय कागद टेबलावरून हलत नसे.
साहेब म्हणाले, "नहीं नहीं. क्लाइंट समझेगा हमसे गलती होती है. वही नंबर, वही तारीख."
तोच नंबर, तीच तारीख. नव्या प्रती साइटवर गेल्या.

१९ मार्च
पुन्हा! आता छपराचा उतार. काल पास, आज नापास. पुन्हा ब्लेड. एका ठिकाणी ट्रेसिंगला भोक पडलं. मागून पारदर्शक पट्टी चिकटवली. नयना म्हणाली, "काका, हा कागद नाही, गोधडी आहे."
हल्ली आम्ही ऑफिसात काही पूर्ण करतच नाही मनातून. पेन उचलतानाच वाटतं, ही रेघ जायचीच आहे. मग ती सरळ कशाला ओढायची? चाळीस वर्षांत असा विचार कधी शिवला नव्हता.

७ एप्रिल
रविवार. प्रिंटसमोर पडून होतो. खिडक्या मोजल्या. बारा. चौथीतल्या त्या कवितेतला पाऊस आठवला, चालीसकट.
जुई आली. नात माझी, सात वर्षांची. तिच्याशी मराठी बोलावं, उत्तर हिंदीत. "दादाजी, ये खाली काग़ज़ क्यों टाँगा है?"
म्हटलं, नीट बघ बाळा, शाळा आहे. ती हसून पळाली.

२२ एप्रिल
साहेब साइटवर जाऊन आले आणि ऑफिस हादरलं. जिन्याचा पाया पूर्वेला भरलाय! काँक्रीट घालून झालं, जोतंही वर आलंय. पहिल्या नकाशाप्रमाणे.
मिश्राला बोलावलं. तो शांत. "साहब, नंबर वही, तारीख वही. हमने समझा वही काग़ज़ दुबारा आ गया. दराज में रख दिया."
साहेब नयनाकडे वळले. "पहला वाला किसने भेजा?"
"सर, तुम्हीच फोनवर..." ती मराठीतच बोलली, घाबरून. मग हिंदीत.
"मैंने फाइनल ही कब किया था? दिखाओ मेरा साइन!"
तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आहे. उद्या आणतो. माझ्याकडे आहे.
तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला!

२२ एप्रिल, संध्याकाळ
टेम्पोतून तेलीबागला उतरलो तो धावतच घरी. प्रिंट भिंतीवरून काढला. खिडकीशी नेला.
काही नाही.
पिवळा पडलेला कोरा कागद. अमोनियाचा प्रिंट उन्हात उडतो – हे मला माहीत नव्हतं? चाळीस वर्षं मी पोरांना बजावत आलो, प्रिंट उन्हात ठेवू नका! दोन महिने रोज सकाळी त्या कागदाकडे बघत होतो आणि मला बारा खिडक्या दिसत होत्या. रेघा कधीच्या गेल्या होत्या. मीच त्या मनाने भरत होतो. जुईला एका नजरेत दिसलं ते मला दिसलं नाही.
खाली कोपऱ्यात फक्त लाल पेन्सिल. ओके. सही. १२ फेब्रुवारी. ठसठशीत.

२३ एप्रिल
नेला तरीही. साहेबांनी उलटून पालटून पाहिला. "राजारामजी, साइन तो मेरा है. मगर किस चीज़ पे?"
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
नयना नंतर म्हणाली, "जाऊ द्या काका." एवढंच. मी म्हटलं होतं ना, उद्या आणतो – ते फेब्रुवारीत. तिने ते काढलं नाही. काढायला हवं होतं.

२४ एप्रिल
साहेबांना सांगितलं, चूक माझी. प्रिंट मी नेला, ट्रेसिंग मी खरवडलं. मला काढा. म्हणाले, "आपको क्यों? आप तो पुराने आदमी हैं." आणि चहा मागवला माझ्यासाठी. प्यालो मी तो. का प्यालो?

३० एप्रिल
नयनाचा शेवटचा दिवस. पक्कं करण्याचं पत्र नाही, काढल्याचंही नाही. नुसतं "कल से मत आना". तिने पेनं धुतली, निबं पुसून डबीत ठेवली, टी-स्क्वेअर खुंटीला लावला. उद्या यायचंय अशा बेताने.
वडिलांनी तिचंही तिकीट काढलंय. जाताना नागपूरचा पत्ता दिला. "काका, शाळा झाली की कळवा हं."

११ मे
काही नाही. साइट बंद. जोतं फोडायचं की ठेवायचं, रोज नवा विचार.

२० मे
टेम्पोतून जाताना जोतं दिसतं. आंब्याखाली शेळ्या बसतात त्यावर. पूर्वेचा जिन्याचा पाया एकटाच वर आलेला. बरोबर जागी आहे तो. कोणाला सांगू?

३ जून
साहेब पाचला आले. टेबलाभोवती दोन फेऱ्या. "राजारामजी, सोच रहा हूँ, जो बन गया है वही रखते हैं. तोड़ने में क्या रखा है. पहला वाला ही अच्छा था. खिड़कियाँ भी वही. ज़रा निकालिए."
पहिला निकालू? कुठून? खरवडून फुंकून टाकला, साहेब. उरला तो भिंतीवर उडाला, आणि मिश्राच्या दोन प्रती साइटवरच्या उन्हात.
"तो? आपको तो ज़बानी याद होगा."
मग नयनाचं काय, असं विचारलं. "कौन? अच्छा, वो. अब तो दूसरी लड़की रख ली ना."
आहे पाठ. कविता पाठ असते तसा. पहिल्यांदा वाटलं, नसता तर बरं झालं असतं.

१० जून
सात दिवसांत नऊ शीट. एकही रेघ अडली नाही. बारा खिडक्या, दोन फुटांवर.
खालच्या चौकटीत ‘ड्रॉन बाय’ पुढे माझं नाव घालायचं होतं. एन. वासनिक असं लिहिलं. नंबरपुढे आर-थ्री, आजची तारीख, आणि खाली ओळ – ‘१२ फेब्रुवारीला मंजूर झाल्याप्रमाणे’.
साहेबांनी चष्मा न लावता लाल पेन्सिल फिरवली. ओके.

११ जून
आज एक प्रिंट नागपूरला पाठवला, सहीसकट. सोबत चिठ्ठी – उन्हात लावू नकोस.