चव्वेचाळीस अक्षरांत बाबा

१ नोव्हेंबर
संकल्प. बाबांच्या वहीतले विद्येवरचे वीस श्लोक सोप्या मराठीत आणायचे. तीस तारखेला त्यांना एकोणनव्वद पूर्ण होतील, त्या दिवशी वाचून दाखवायचे. रोज एक केला तरी दहा दिवस हातात उरतात. चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या मास्तरांची मुलगी मी. कॉन्व्हेंटमध्ये गेले म्हणून काय झालं?

बाबा हल्ली थोडे विसरतात. वय झालं की होतंच.

४ नोव्हेंबर
पहिला श्लोक तयार! चोरही चोरू शकत नाही अशा धनाचा. सव्वादोन पानं झाली. शाळेतल्या सिस्टरनी शिकवल्याप्रमाणे आधी संदर्भ, मग अर्थ, मग तात्पर्य. सुरुवात अशी: 'ज्ञान हे एक असे अमूल्य धन आहे की, ज्याची चोरी करणे कोणत्याही चोरास शक्य होत नाही...'

बाबांना वाचून दाखवलं. डोळे मिटून तल्लीन झाले होते.

(दादा फोनवर म्हणाला, अगं, झोपले असतील. दादाला साहित्यातलं काही कळत नाही.)

७ नोव्हेंबर
बाबांची वही उघडली. समासात लाल शाईत लिहिलंय: 'अर्थ श्लोकाहून लांब नको. या श्लोकाची अक्षरं ४४. तेवढ्यात सांगता येत नसेल, तर समजलेलं नाही.'

माझी अक्षरं मोजायला बसले. पहिल्या पानावरच सोडून दिलं.

९ नोव्हेंबर
पाच लक्षणांचा श्लोक घेतला. त्यात विद्यार्थ्याची झोप कुत्र्यासारखी सावध असावी असं आहे. दुपारी दोन तास झोपले. सावधपणे.

१३ नोव्हेंबर
परत चोराकडे. आज एक गोष्ट दिसली. श्लोकात आधी चार नकार येतात: चोर, राजा, भाऊ, ओझं. कशाबद्दल चाललंय ते सांगतच नाहीत. नाव शेवटच्या चरणात. मी पहिल्याच शब्दात 'ज्ञान' सांगून मोकळी! म्हणजे पाहुणा दारात यायच्या आत त्याचं ताट उचलायचं.

बाबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, वही कुणाची आहे? मजेत विचारलं असणार. मास्तरांची सवय, परीक्षा घेतात.

१८ नोव्हेंबर
'भ्रातृभाज्य'. संस्कृतात एक शब्द. मी लिहिलं: 'वडिलांच्या पश्चात भावंडांना आपापसात ज्याची वाटणी करून घेता येते असे'. दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मला काही नको गं, सगळी विद्या तूच घे, मला बाबांची आरामखुर्ची दे. हसलो दोघं. मग म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, थकवा आहे.

डॉक्टर थकवा म्हणाले नव्हते.

२३ नोव्हेंबर
बाबांना सांभाळायला येणाऱ्या मावशींवर प्रयोग केला. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. सगळा अर्थ तोंडी सांगितला. त्या बाबांचा शर्ट घडी करत म्हणाल्या, म्हणजे चोर नेत नाही ना? मग सरळ तसं म्हणा की, ताई.

आतल्या खोलीत जाऊन लिहून घेतलं. मावशींना कळू दिलं नाही.

२७ नोव्हेंबर
झालं!

'चोर नेत नाही, राजा घेत नाही, भाऊ वाटून मागत नाही, ओझं होत नाही. खर्चलं की वाढतं, असं धन एकच: विद्या.'

चव्वेचाळीस. तीनदा मोजलं. उरलेले एकोणीस श्लोक नंतर, घाई करून दर्जा घालवायचा नाही. हा एकच बाबांना पुरेसा आहे. ऐकतील आणि म्हणतील, आता समजलं तुला. लहानपणी मी चुकले की 'मडमबाई' म्हणायचे. तीस तारखेला नक्की म्हणणार नाहीत.

३० नोव्हेंबर
बाबांना निळा शर्ट घातला. दादा आला. मी वाचलं, हळू. बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. अक्षरं मोजत होते! दादाने माझा हात घट्ट धरला. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला.

चव्वेचाळीस, बाबा म्हणाले. बरोबर.

मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. फार आदराने विचारलं, बाई, आपण कुणाकडे शिकलात?

मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे.

भाग्यवान आहात, म्हणाले. मास्तर चांगले होते.

संध्याकाळ
दादा आरामखुर्ची न नेताच गेला. वही पुढ्यात आहे. माझ्या अर्थातल्या पहिल्या तीन शब्दांवर, 'चोर नेत नाही'वर, लाल रेघ मारायला पेन उचललं होतं.

नाही मारली. अक्षरं कमी पडली असती.