दर्भाचा कावळा

ती. बाबांस,

वेंगुर्ल्याला पोचले. उद्या वर्गात मला चार्वाकांवर बोलायचं आहे. प्रत्यक्ष दिसतं तेच प्रमाण. पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांतूनच देह होतो, आणि आंबवलेल्या धान्यात नशा यावी तशी त्या देहात जाणीव येते. देह गेला की तीही संपते. मला हे अजूनही पटतं.

पण आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा आत्याने मला आईला शब्द द्यायला सांगितलं, "संचिता, सांग गो आवशीक, बापाशीक एकटो सोडूचंय नाय म्हणान. मगे शिवात."

मी सगळ्यांसमोर चार्वाकांचा मुद्दा ऐकवला. इथे ठेवलेल्या भाताने परलोकातल्याचं पोट भरत असेल, तर गावाला निघालेल्याला शिदोरी तरी कशाला द्यायची? घरीच त्याच्या नावाने वाढावं. शेवटी दर्भाचा कावळा करून तुम्ही पिंडाला शिववलात. मला वाटलं, मी जिंकले.

काल निघताना तुम्ही, कधी चुलीजवळ न गेलेले, घावणे करून बांधून दिलेत. म्हणालात, "वाटेर खा. हयसर वाढून तुझा पोट भरूचा नाय."

बाबा, आई ऐकत नव्हती हे खरं. पण तुम्ही समोर बसला होतात, कावळ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत. प्रत्यक्ष दिसत होतं, तेवढंच मी पाहिलं नाही.

चार्वाक नुसत्या शब्दाला प्रमाण मानत नाहीत. तुम्हाला एकटं सोडणार नाही, या माझ्या नुसत्या शब्दाला तुम्ही तरी का मानावं? म्हणून हे पत्र टाकत नाही. शनिवारी स्वतःच येते.

तुमची,
संचिता